बाकीत काय उरलं? रेकॉर्डिंगची नल टेस्ट

(व्याख्यानाचं शब्दांकन)

रेकॉर्डिंग 'साफ' करून दिलंय असं कुणी सांगितलं, की आपण ते लावून ऐकतो आणि म्हणतो, वा, छान झालं. खरखर गेली, आवाज पुढे आला. पण साफ करताना आवाजातून काय काय निघून गेलं, हे साफ झालेली फाईल ऐकून कळत नाही. जे गेलं ते तिच्यात नाहीच, मग ऐकू कसं येणार? ते ऐकायचं असेल तर वजाबाकी करावी लागते. मूळ फाईलमधून साफ केलेली फाईल वजा करायची आणि जी बाकी उरते ती ऐकायची. या वजाबाकीला नल टेस्ट म्हणतात. आज आपण एकच रेकॉर्डिंग घेऊन ही टेस्ट शेवटपर्यंत करून बघणार आहोत.

रेकॉर्डिंग असं आहे. एका घरात आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट होती. आजी आता नाहीत. नातवंडांनी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, ती फाईल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मग एका स्टुडिओतून ती साफ करून आणली. आता घरात दोन फायली आहेत आणि विचार असा चाललाय की चांगली ठेवावी, खराब काढून टाकावी, कॅसेटही आता कशाला. त्याआधी त्यांनी आम्हाला एवढंच विचारलं: "साफ करताना आजीचं काही गेलं तर नाही ना?" या प्रश्नाचं उत्तर 'नाही वाटत' असं देऊन चालत नाही.

आधी वजाबाकी म्हणजे काय ते बघू. डिजिटल रेकॉर्डिंग म्हणजे आकड्यांची लांबलचक यादी. ४८ किलोहर्ट्झ म्हणजे एका सेकंदाला ४८,००० आकडे, त्यातल्या प्रत्येकाला सॅम्पल म्हणायचं. एका फाईलची चिन्हं उलटी करायची, अधिकचं उणे आणि उण्याचं अधिक, आणि ती दुसऱ्या फाईलवर ठेवून बेरीज करायची. दोन्ही फायली हुबेहूब सारख्या असतील तर प्रत्येक जागी शून्य येतं, संपूर्ण शांतता. जिथे फरक असेल तिथे तेवढाच फरक उरतो. Audacity वापरत असाल तर दोन्ही फायली एकाखाली एक ठेवून एकीवर Invert चालवा आणि दोन्ही एकत्र वाजवा, झालं. आम्ही SoX वापरतो, कारण त्यात काय केलं हे नंतर वाचता येतं:

```
sox -D -m -v 1 mool.wav -v -1 saaf.wav -b 32 -e floating-point farak.wav
sox farak.wav -n stats
```

`-v -1` म्हणजे दुसऱ्या फाईलची चिन्हं उलटी. `-v` दोन्हींना स्पष्ट दिलेलं बरं. ते कुठेच दिलं नाही तर `-m` दोन्ही फायलींचा आवाज आपणहून निम्मा करतं. `-D` म्हणजे डिदर नको. डिदर हा मुद्दाम मिसळलेला अगदी बारीक गोंगाट असतो, आणि वजाबाकीत आपला स्वतःचा गोंगाट आपल्याला नको आहे.

स्टुडिओची फाईल लावायच्या आधी एक काम करायचं, आणि ते टाळायचं नाही. मूळ फाईल मूळ फाईलमधूनच वजा करायची. `stats` मध्ये Pk lev dB समोर `-inf` दिसलं पाहिजे, म्हणजे काहीही उरलेलं नाही. इथेच काही उरत असेल तर आपल्या हत्यारातच गडबड आहे, कुठेतरी डिदर चालू आहे नाहीतर सॅम्पल रेट बदलतोय. तराजूवर काही ठेवायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते बघतो ना, तसंच हे.

आता स्टुडिओची फाईल वजा करू. ऐका. (बाकी वाजवली जाते.) काय ऐकू आलं? अख्खी आजी. पूर्ण ओवी, थोडी दुरून, एखाद्या रिकाम्या खोलीत गायल्यासारखी. हे ऐकून घाबरायचं काही कारण नाही आणि कुणावर आरोप करायचंही नाही. बाकीत आवाज ऐकू आला म्हणजे तो आवाज गेला, असं अजिबात नाही. दोन फायली नीट जुळलेल्या नाहीत, एवढंच आत्ता कळतंय. जुळवण्याच्या मुख्य गोष्टी दोन आहेत, वेळ आणि पातळी.

आधी वेळ. प्रक्रियेत फाईल पुढेमागे सरकते. सॉफ्टवेअर आवाजाचे तुकडे करून काम करतं, त्यात थोडा उशीर होतो आणि तो कधी भरून काढला जातो, कधी नाही. एका सॅम्पलचा फरक काय करतो बघा. ४८,००० पैकी एक, म्हणजे सेकंदाचा ४८ हजारावा भाग. कानाला हा उशीर कळणं शक्य नाही. पण वजाबाकीत १०० हर्ट्झचा सूर मूळच्या ३८ डेसिबल खाली जातो, म्हणजे जवळजवळ नाहीसा होतो. १,००० हर्ट्झचा सूर १८ डेसिबलच खाली जातो. आणि ८,००० हर्ट्झचा सूर जितका होता तितकाच उरतो. त्याच्या वर तर बाकी मूळपेक्षा मोठी! म्हणून एक खूण लक्षात ठेवा. बाकी ऐकताना खालचा भाग गेलेला आणि वरचा, पातळ, तीक्ष्ण भाग शिल्लक असेल, तर संशय वेळेवर घ्यायचा. उशीर मोठा असेल तर आत्ता ऐकलात तसा रिकाम्या खोलीचा भास होतो.

जुळवायला एखादा टोकदार आवाज लागतो. इथे तो फुकट मिळाला. आजीच्या हातातल्या बांगड्या खुंट्यावर मधूनमधून किणकिणतात. दोन्ही फायलींत तीच किणकिण शोधली, पडद्यावर इतकी मोठी केली की एकेक सॅम्पल ठिपक्यासारखा दिसला, आणि शिखरं मोजली. स्टुडिओची फाईल १,०२४ सॅम्पल मागे होती, म्हणजे सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग. तेवढा भाग तिच्या सुरुवातीचा कापून टाकला:

```
sox saaf.wav saaf_jul.wav trim 1024s
```

हे एका जागी करून थांबायचं नाही. फाईलच्या शेवटी आणखी एक किणकिण शोधून तिथेही फरक १,०२४ च आहे ना ते बघायचं. सुरुवातीला जुळतंय आणि शेवटी नाही, असं निघालं तर वेग बदललाय, आणि मग वेगळाच खेळ सुरू होतो. इथे दोन्हीकडे जुळलं.

आता पातळी. साफ करून देताना आवाज थोडा चढवून देण्याची पद्धत आहे. चढवलेला आवाज कानाला नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो, ही त्यातली मेख. इथे तो ४.३ डेसिबलने चढवलेला निघाला. म्हणजे प्रत्येक आकडा १.६४ पट. मग १.६४ मधून १ वजा केला की ०.६४ उरतो, म्हणून वेळ जुळवल्यावरही वजाबाकीत आजीचा आवाज मूळपेक्षा जेमतेम चार डेसिबल खाली जातो. चार डेसिबल म्हणजे काहीच नाही. पातळी चुकल्याची खूणही वेगळी असते: बाकी मूळ आवाजासारखीच भरीव वाटते, फक्त हळू. एखाद्या अक्षरावर कमी, एखाद्यावर जास्त, असं तिच्यात होत नाही.

पातळी शोधायची कशी? एखादा मोठा, स्थिर स्वर निवडायचा, ओवीच्या मधला लांब 'आ' चांगला. स्टुडिओच्या फाईलची पातळी थोडी थोडी उतरवत वजाबाकी करत राहायचं. बाकी आधी लहान होत जाते, मग एका जागेनंतर पुन्हा वाढायला लागते. ती जागा म्हणजे आपला आकडा. मूळ फाईल वर चढवू नका, साफ फाईल खाली आणा, नाहीतर शिखरं कापली जातात. चूक किती चालते, तर ०.१ डेसिबल चुकलं तरी बाकी ३९ डेसिबलच्या खाली जात नाही. ऐकायला ०.१ डेसिबल म्हणजे काहीच नसतं, पण आपण ज्या बारीक गोष्टी शोधतोय त्या झाकायला तेवढी चूक पुरते. आमचा अंतिम गुणक ०.६०९५ आला:

```
sox -D -m -v 1 mool.wav -v -0.6095 saaf_jul.wav -b 32 -e floating-point farak2.wav
```

आणि तरीही, ऐका, आजी आहेच. आता आवाज लांबचा नाही, पातळही नाही. उलट घोगरा आहे, घागरीत तोंड घालून गायल्यासारखा. वेळ जुळली, पातळी जुळली, मग हे काय?

इथे स्टुडिओला फोन करावा लागला. तिथल्या मुलाने मोकळेपणाने सांगितलं की वीजपुरवठ्याची घूं घूं कमी करायला ८० हर्ट्झचं हायपास लावलं होतं, १२ डेसिबल उताराचं. म्हणजे ८० च्या खालचं सगळं उतरवत नेणारं फिल्टर. यात वावगं काही नाही. आता प्रश्न असा, की ८० हर्ट्झच्या खालचं काढलं तर बाकीत ८० च्या खालचंच उरायला हवं. आजीचा आवाज ८० च्या खाली नाही. मग तो बाकीत का?

आजच्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून इथे थोडं थांबू. असं फिल्टर आवाज नुसता कमी करत नाही, तो थोडा पुढेमागेही ढकलतो, आणि प्रत्येक सुराला वेगवेगळा ढकलतो. याला फेज सरकणं म्हणतात. ८० हर्ट्झच्या अशा फिल्टरने ४०० हर्ट्झच्या सुराचं काय होतं याचं गणित आम्ही केलं. पातळी डेसिबलच्या शंभराव्या भागानेसुद्धा कमी होत नाही. कान तर सोडाच, साधं मीटरही म्हणेल की काही बदललं नाही. पण फेज सुमारे साडेसोळा अंशांनी सरकते, आणि त्यामुळे वजाबाकीत हा सूर मूळपेक्षा फक्त ११ डेसिबल खाली उरतो. म्हणजे जे गेलंच नाही, तेही बाकीत ठळक ऐकू येतं.

तेव्हा नल टेस्ट 'काय गेलं' हे सांगत नाही. ती 'काय बदललं' एवढंच सांगते. बदललेल्यातलं गेलेलं कोणतं आणि नुसतं सरकलेलं कोणतं, हे आपण वेगळं काढायचं. एखादी प्रक्रिया आवाज खाते हे सिद्ध करायला लोक बाकी वाजवून दाखवतात, त्यातल्या बऱ्याच बाकी अशा नुसत्या सरकलेल्या आवाजाच्या असतात. बदल काहीच नाही हे मात्र ही टेस्ट ठामपणे सांगते. बाकी खरोखर शून्य आली तर दोन फायली एकच आहेत, मग एक 'उबदार' वाटते आणि दुसरी 'कोरडी', या चर्चेला अर्थ उरत नाही.

वेगळं काढायचा रस्ता सोपा आहे. जी पायरी आपल्याला माहीत आहे, ती मूळ फाईलवर आपणच करायची आणि मग वजाबाकी करायची. दोन्ही बाजूंना सारखंच फिल्टर लागलं की त्याचा परिणाम कटून जातो आणि मागे राहते फक्त पुढच्या पायरीची करणी.

```
sox mool.wav mool_hp.wav highpass 80
```

SoX चं साधं `highpass` १२ डेसिबल उताराचंच असतं, म्हणून इथे ते बसलं. दुसऱ्या सॉफ्टवेअरचं फिल्टर अगदी तसंच नसेल तर बाकी पूर्ण जात नाही, पण घागरीतला आवाज एवढा उतरतो की पुढचं दिसायला लागतं. पातळीचा आकडाही या टप्प्यावर पुन्हा तपासून घ्यायचा. वर सांगितलेला ०.६०९५ हा त्या दुसऱ्या तपासणीनंतरचाच आहे.

आता `mool_hp.wav` मधून जुळवलेली साफ फाईल वजा केली. ऐका. (बाकी वाजवली जाते.) आता कसं, पडदा सरकल्यासारखं. तीन गोष्टी ऐकू येतात.

पहिली, टेपची ती अखंड सूं सूं. ती इथे असायलाच हवी, ती काढायलाच तर दिलं होतं. पण तिचा एक उपयोग आहे. ओव्या संपल्यावर, कॅसेट बंद करायच्या आधी, चारेक सेकंद फक्त सूं सूं आहे. तेवढाच तुकडा मोजला:

```
sox farak3.wav -n trim 185 4 stats
```

मूळ फाईलमध्ये या जागी सरासरी पातळी उणे ५४ डेसिबल, बाकीत उणे ५६.५. म्हणजे अडीच डेसिबल खाली. यावरून स्टुडिओने किती उतरवलं ते काढता येतं. आवाज १२ डेसिबलने कमी केला की चतुर्थांश उरतो, तीन चतुर्थांश बाकीत जातो, आणि तीन चतुर्थांश म्हणजे बरोबर अडीच डेसिबल कमी. तेव्हा १२ डेसिबल. स्टुडिओनेही तेच सांगितलं.

दुसरी गोष्ट, जात्याची घरघर. नीट ऐका, एकेका फेऱ्याला येते आणि जाते, आणि मुठीने दाणे घातले की क्षणभर जड होते. ती बाकीत मूळपेक्षा फक्त तीनेक डेसिबल खाली आहे. म्हणजे सूं सूं जितकी काढली, जवळजवळ तितकंच जातंही काढलं. साफ फाईल पुन्हा ऐका: आजी गातात, पण दळत नाहीत.

तिसरी गोष्ट जास्त बारीक आहे. प्रत्येक ओळीच्या शेवटी स्वर विरत जातो, त्याची शेपटी बाकीत आहे. आणि काही 'स', 'श' यांच्या सुरुवाती आहेत. मधले भरीव स्वर अजिबात नाहीत. ही खूण फार मोलाची. पातळी किंवा फिल्टरचा घोटाळा असता तर भरीव स्वरच सगळ्यात आधी ऐकू आले असते. फक्त हळू जागा आणि फुसकारणारी व्यंजनं उरतात, याचा अर्थ या खरोखर उचलल्या गेल्या. बाकीचा स्पेक्ट्रोग्राम काढला तरी हेच दिसतं: ओळींच्या शेवटी आवाजाच्या समांतर रेघा, मध्ये काही नाही.

हे का झालं? गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर आधी गोंगाटाचा नमुना मागतं. Audacity मध्ये तो तुकडा निवडून Get Noise Profile दाबायचं. मग ते सॉफ्टवेअर आवाजाचे वेगवेगळ्या पट्ट्यांत तुकडे करतं आणि प्रत्येक पट्टीला विचारतं: तू नमुन्याहून मोठी आहेस का? मोठी असेल तर जाऊ द्या, नसेल तर दाबा. नमुना बहुतेक वेळा फाईलच्या सुरुवातीचा घेतला जातो, गाणं सुरू व्हायच्या आधीचा, कारण तिथे शांतता असते असा समज. पण ओवी जातं फिरायला लागल्यावर येते. या फाईलच्या सुरुवातीला आजी गात नाहीत, पण दळत आहेत. म्हणून सॉफ्टवेअरला सांगितलं गेलं की जातं हा गोंगाट आहे. मग उंबरठा जात्याच्या उंचीवर गेला, आणि आजीच्या आवाजातलं जे काही त्या उंबरठ्याच्या खाली होतं, ओळीच्या शेवटचं विरणं, हळू 'स', तेही जात्याबरोबर दाबलं गेलं.

हा झाला अंदाज. तो तपासायलाही तीच टेस्ट. मूळ फाईलवर हायपास लावून आम्ही दोन प्रती केल्या. पहिलीला नमुना सुरुवातीचा दिला, जातं फिरतंय तिथला, १२ डेसिबल, बाकीचे आकडे स्टुडिओने सांगितले तेच. ही प्रत जुळवलेल्या स्टुडिओच्या फाईलमधून वजा केली, तर ना आजी उरली ना जातं, फक्त अगदी हळू सळसळ, कारण नमुन्याचा तुकडा आम्ही त्यांच्याइतका तंतोतंत निवडू शकत नाही. म्हणजे त्यांनी केलं ते हेच. दुसऱ्या प्रतीला नमुना शेवटचा दिला, ओव्या संपून जातं थांबलंय तिथला, आणि जोरही १२ ऐवजी ६ डेसिबल. ही मूळमधून वजा केली तर बाकीत सूं सूं आहे, एखादा 'स' चुटपुटता आहे, आणि जातं पार मागे, कान देऊनच ऐकू येतं असं.

Audacity वाल्यांसाठी एक सोय सांगून ठेवतो: Noise Reduction च्या खिडकीत Reduce शेजारी Residue असा पर्याय आहे. तो निवडून Preview ऐकलं की ही बाकी जागेवरच ऐकायला मिळते. नमुना बरोबर घेतलाय की नाही, हे काम करायच्या आधीच कळतं. एवढं ऐकलं असतं तरी जातं सापडलं असतं.

प्रश्न आलाय, "बाकी हेडफोनवर मोठी करून ऐकली की काहीही भयंकर वाटतं, मग विश्वास कशावर ठेवायचा?" बरोबर आहे. बाकी ऐकण्यासाठी आपण ती चढवतो आणि एकटी ऐकतो. पण मूळ रेकॉर्डिंगमध्ये ती एकटी नव्हती, मोठ्या आवाजाच्या आड होती, आणि मोठ्या आवाजाच्या आडचं बरंचसं कानाला ऐकूच येत नाही. एमपीथ्री तर याच तत्त्वावर चालते. रायन मॅग्वायर या अमेरिकी संगीतकाराने 'टॉम्स डायनर' हे गाणं एमपीथ्री करताना जे फेकलं गेलं तेवढंच गोळा करून त्याची स्वतंत्र रचना केली. ऐकताना भुताटकीच वाटते. त्या गाण्यावर घासूनच एमपीथ्री तयार झाली होती, म्हणून त्याने ते निवडलं. पण तिथे उरलेला आवाज इतका ऐकू येतो म्हणून एमपीथ्री ऐकताना तेवढं चुकल्यासारखं वाटतं, असं नाही. तेव्हा बाकीवरून शोधायचं, आणि निवाडा मूळ आणि साफ फाईल सारख्या पातळीवर पाठोपाठ ऐकून करायचा. बाकीने आम्हाला सांगितलं की ओळींच्या शेवटी बघा. त्या नऊ-दहा जागा मग आम्ही न सांगता अदलाबदल करून घरच्यांना ऐकवल्या. जातं गेल्याचं सगळ्यांना लगेच कळलं. ओळीच्या शेवटचं विरणं कापलं गेल्याचं आजीच्या मुलीला कळलं, बाकीच्यांना नाही. 'स' कुणालाच कळला नाही.

दुसरा प्रश्न, "मग बाकी जपून ठेवली आणि मूळ काढून टाकलं तर?" गणिताने हे बरोबर आहे. साफ फाईल अधिक बाकी बरोबर मूळ. बेरीज करून बघा, वजाबाकी नीट झाल्याची ती उत्तम तपासणीही आहे. पण आपली बाकी हायपास लावलेल्या मूळची आहे, साफ फाईल सरकवून आणि गुणक लावून काढलेली. १,०२४ आणि ०.६०९५ हे दोन आकडे हरवले की बेरीज जुळत नाही. शिवाय बाकीची फाईल मूळपेक्षा लहान नसते, बत्तीस बिटमध्ये तर मोठीच असते, म्हणजे जागाही वाचत नाही. मूळ फाईलच ठेवायची. साफ फाईल ऐकायला ठेवायची, आणि तिच्याशेजारी एक साधी मजकूर फाईल: हायपास ८०, नमुना शेवटचा, ६ डेसिबल.

"कॅसेट आहे तर मूळ पुन्हा उतरवता येईलच की," असंही कुणीतरी म्हणतंय. उतरवता येईल, पण ती हीच फाईल नसेल. कॅसेटचा वेग किंचित डगमगत असतो आणि प्रत्येक वेळी वेगळा डगमगतो. हजारात एक एवढा फरक धरला तरी एका सेकंदात ४८ सॅम्पल होतात, आणि आपण पाहिलं की ८,००० हर्ट्झला एक सॅम्पल पुरे होतो. एकाच कॅसेटच्या दोन उतरवणींची वजाबाकी केली तर बाकीत अख्खी आजी येते, काहीही न गमावता. तेव्हा ही टेस्ट फक्त त्याच उतरवणीवर चालते जिच्यावरून साफ फाईल बनली, आणि ती फाईल त्या घरात अजून होती.